‘ताजी तोड’ की ‘वानवळा’?

प्रश्न : तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे, बांधाकडेला पेरू आणि चिकूही आहेत. पाहुण्यांनी राहावं, मुलाबाळांसह स्वतः फळं काढावीत, असं कृषिपर्यटन सुरू करतोय. ताजेपणा आणि घरच्यांची मजा दोन्ही कळावं म्हणून ‘ताजी तोड’ नाव सुचलंय. बरोबर वाटतं का?

उत्तर : कानाला गोड आहे, पण तुमच्याच भागात ते अडेल. सांगलीकडे नुसतं ‘तोड’ म्हटलं की ऊसच डोळ्यांसमोर येतो. ‘तोड आली का?’ याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पाटी वाचून एखादा ट्रॅक्टरवाला वळला तर त्याला दोष देऊ नका. शिवाय तिन्ही फळांना एक क्रियापद पुरत नाही. पेरू तोडतात, पण द्राक्षाचा घड ओढून तोडला तर मणी गळतात, म्हणून तो देठाशी कात्रीने कापतात. खुडणं म्हणावं तर ते नखाने होतं, भाजीच्या कोवळ्या शेंड्याचं.

‘ताजी’ची अडचण याहून मोठी आहे. द्राक्ष वेलीवरून उतरलं की त्यापुढे गोड होत नाही, त्यामुळे तिथे ताजं म्हणजे खरोखर उत्तम. चिकूचं उलटं. झाडावरून काढलेला चिकू टणक आणि चिकाळ असतो. चार-सहा दिवस ठेवून मऊ पडला की मगच खायचा. ‘ताजी’ पाटी पाहून आलेल्या पोराने तिथेच चावा घेतला, तर तोंड तुरट होऊन मजा संपली.

म्हणून मी ‘वानवळा’ सुचवेन. शेतात नवं काही पिकलं की पाहुण्याच्या, सोयऱ्याच्या घरी पिशवीतून जातो तो वानवळा. त्यात शेतातून नुकतं आल्याचा ताजेपणा आपसूक येतो, नातंही येतं, आणि घरी नेऊन पिकवायचा चिकूही त्यात बसतो. खाली ‘मळ्यातला मुक्काम’ लिहा. ‘वस्ती’ हा आपला शब्द मला जास्त आवडला असता, कारण मळ्यातलं घरही वस्ती आणि रात्रीचा मुक्कामही वस्तीच. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्यातून झोपडपट्टी ऐकू येते.

एक पथ्य मात्र पाळावं लागेल. वानवळ्याचे पैसे घेत नाहीत. काढलेली सगळी फळं किलोवर विकायची असतील तर हे नाव खोटं ठरेल आणि जाणत्या पाहुण्याला खटकेल. निघताना प्रत्येक कुटुंबाला एक छोटी पिशवी तशीच द्या, बाकीची वजनावर विका.

लेखनात ‘वानवळा’ आणि ‘वानोळा’ दोन्ही रूपं चालतात. नकाशावर रोमी लिपीत नाव टाकणार असाल तर दुसरं घ्या. Vanola सरळ वाचता येतं, Vanavala चा उच्चार दहा जण दहा तऱ्हेने करतील.