कंपनाचा पहिला आलेख वाचताना

उद्यमनगरातल्या शेडमध्ये स्प्रिंग, वजन आणि डॅम्पर जोडून तुम्ही काढलेला आलेख पाहिला. अवमंदन गुणोत्तरासाठी, म्हणजे कंपन किती लवकर विरते ते सांगणाऱ्या आकड्यासाठी, लागोपाठची दोनच शिखरे घेऊ नका, कारण त्यांच्या उंचीतला फरक इतका लहान असतो की मोजपट्टीची चूकच उत्तर ठरवते. हात सुटतानाचा धक्का पहिल्या शिखरात मिसळलेला असतो, म्हणून तेही सोडा. समजा, दुसरे शिखर 20 मिमी आणि त्यानंतर पाच आवर्तनांनी येणारे 5 मिमी आहे: ln(20/5) = 1.386, पाचाने भागून 0.277, आणि 2π ने भागल्यावर गुणोत्तर सुमारे 0.044. उंची मात्र वजन शेवटी स्थिरावते त्या रेषेपासूनच मोजावी. इथे नवशिके हमखास फसतात. शिखरे दर आवर्तनाला समान मिलिमीटरने, सरळ रेषेत उतरत असतील, तर ते कोरडे घर्षण आहे आणि तिथे हे सूत्र लागू पडत नाही.