पार्लरचं कर्ज : आधी अर्ज, मग खुर्ची

"ताई, ब्युटी पार्लरचा कोर्स झालाय. गावातच गाळा बघितलाय. अनुदान मिळतं म्हणतात, पण माझ्या नावावर ना घर, ना जमीन. बँक मला दारात तरी उभं करेल का? आणि खुर्च्या आत्ताच घेऊन ठेवू का, स्वस्तात मिळतायत?"

खुर्च्या घेऊ नका, हे मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, पहिल्या कर्जावरचं अनुदान फक्त नव्या व्यवसायाला देतो. आधी मुद्रा कर्ज काढून पार्लर सुरू केलं, की ते जुनं युनिट ठरतं आणि हे दार बंद होतं. उद्यम नोंदणीतही व्यवसाय सुरू झाल्याची तारीख विचारतात. ती घाईत मागची टाकू नये. ही नोंदणी मोफत असते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला नमस्कार करावा.

जमिनीची चिंता मात्र सोडून द्या म्हटलं. एवढ्याशा कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं.

मग आकडे मांडले. खुर्च्या, फेशियल बेड, स्टीमर, आरसे, इन्व्हर्टर मिळून दोन लाख. सामान, भाडं आणि सुरुवातीच्या महिन्यांचा खर्च एक लाख. एकूण तीन लाख. महिला असल्याने स्वतःचे ५ टक्के, म्हणजे १५,००० रुपये. उरलेले २,८५,००० बँकेचं कर्ज. ग्रामीण भागात महिलांना अनुदान ३५ टक्के, इथे १,०५,०००. (शहरात २५ टक्के.) पण ते हातात येत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि युनिट चालू असल्याची पडताळणी झाली की कर्जातून वळतं होतं. पार्लर मध्येच बंद पडलं तर ते हातचं जाऊ शकतं. हे न कळल्याने "अनुदान आलंच नाही" म्हणून बँकेत भांडायला गेलेल्या बायका मी पाहिल्यात.

कागदपत्रांत अडलं ते नावावर. आधार-पॅनवर सासरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर आणि कोर्सच्या प्रमाणपत्रावर माहेरचं. अर्ज भरण्याआधी त्यांना विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र काढायला लावलं, दोन्ही नावं जोडणारा कागद तोच. आधार आणि पॅनवरच्या स्पेलिंगमध्येही एका अक्षराचा फरक होता, तोही दुरुस्त केला. ग्रामपंचायतीकडून ग्रामीण भागाचा दाखला आणि गाळामालकाशी भाडेकरार, हे त्यानंतर.

कोटेशन विक्रेत्याच्या जीएसटी नंबरसह, वस्तूवार घ्यायला सांगितलं. "पार्लर सेट, दोन लाख" असं एका ओळीचं कोटेशन बँक अधिकारी बाजूला ठेवतो. प्रकल्प अहवाल मी लिहून दिला नाही. रोज किती गिऱ्हाइकं, आयब्रोचे किती, फेशियलचे किती, लग्नसराईत किती, पावसाळ्यात किती, हे त्यांनीच वहीत मांडलं. कारण बँकेत समोर बसून उत्तरं त्यांनाच द्यायची होती. kviconline.gov.in वर अर्ज भरताना जवळची शाखा निवडली, आणि अर्जाचा क्रमांक घेऊन त्या मॅनेजरला स्वतः भेटायला गेल्या.