चार अभ्यासक्रम विचारधारांची तुलना

प्रश्न: बी.एड.च्या पेपरात चिरंतनवाद, सारतत्त्ववाद, प्रगतिवाद आणि पुनर्रचनावाद यांची तुलना कशी लिहावी?

यवतमाळकडच्या शाळेतला ‘कापूस’ हा एकच विषय घ्या. हचिन्सचा चिरंतनवाद त्याला फारशी जागा देणार नाही. चिरंतनवादाला अभिजात ग्रंथांतले कालातीत विचार हवेत. बॅगलीचा सारतत्त्ववाद (१९३८) क्विंटलचा हिशेब, टक्केवारी शिस्तीत, क्रमाने पक्की करून घेईल.

गुण जातात ते पुढच्या दोघांत, कारण प्रकल्प दोन्हींकडे असतो. ड्यूईच्या प्रगतिवादात मुलं स्वतःच्या प्रश्नातून शेतातली बोंडअळी मोजतात, उपाय तपासतात. अनुभवातून होणारी वाढ हेच साध्य. काउंट्सचा पुनर्रचनावाद (१९३२) विचारतो, भाव कोण ठरवतं, कर्ज का फिटत नाही? साध्य समाजबदल, म्हणून मुलं निष्कर्ष ग्रामसभेत मांडतात. मात्र शिक्षकाचंच मत मुलांवर लादलं जाण्याचा धोका इथे मोठा, ही मर्यादा जरूर लिहा.