चहा-चपाती आणि अळिवाचा लाडू

"मॅडम, नात दोन टायम पोटभर जेवती, तरी सारखी लोळत पडती. आळशी झालीय, का डोक्यात काही शिरलंय हिच्या?"

असं विचारणाऱ्या आज्या-आया मला दर महिन्याला भेटतात. या आजी माण तालुक्यातल्या, नात पंधरा वर्षांची, तिला रेश्मा म्हणू. शाळेचा चढ चढताना धाप लागायची, आणि गुपचूप कच्चे तांदूळ खायची. असे कच्चे तांदूळ खाणं हे बऱ्याचदा रक्त कमी असल्याचं लक्षण, म्हणून ते ऐकलं की मी मनाचं बोलणं थांबवते, आधी रक्त तपासायला पाठवते. हिमोग्लोबिन आलं ८.६, या वयात किमान १२ हवं. डॉक्टरांनी जंताची गोळी आणि रोजच्या लोहाच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी कळलं की गोळ्या बंद, कारण शी काळी झाली म्हणून दोघी घाबरल्या. लोहाच्या गोळीने ती काळी होतेच, हे आधी सांगायचं राहून गेलं होतं.

आता जेवणाचं. मी घरातल्या मोठ्या बाईला कधी तक्ता देत नाही, तिलाच विचारते, कारण तिला माहीत असतं, फक्त तिच्या डोक्यात ते दुसऱ्या कुणासाठी असतं.

"आजी, बाळंतिणीला काय देता?"

"अळिवाचं लाडू, गूळ-खोबरं, मेथी. अंगातलं रक्त गेल्यालं असतंय."

"आणि रेश्माचं दर महिन्याला जातं ते?"

आजी गप्पच झाल्या. मग पोरीची खालची पापणी बोटाने खाली ओढून बघितली, आत लालीच नाही, पांढरंफटक. "अगं बाई," म्हणाल्या, "आन् मी हिला आळशी म्हणत बसले." माझ्यासाठी केस तिथेच सुटली, नंतर मी फक्त दुरुस्त्या सांगितल्या.

मुख्य दुरुस्ती चहाची. सकाळी चहा-चपाती आणि दुपारी जेवल्या जेवल्या परत चहा, त्यामुळे भाकरी-भाजीतलं लोह फारसं अंगी लागत नव्हतं. जेवण आणि चहात तासाभराचं अंतर ठेवायला सांगितलं, गोळीलाही तेच. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, मेथी हे सगळं घरात होतंच, वर फक्त लिंबू पिळायचं, कारण आंबटामुळे भाजीतलं लोह जास्त शोषलं जातं. पण ८.६ वरून नुसत्या जेवणावर भरून येत नाही, गोळी लागतेच, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. महिन्याभरात आकडा हलला नाही तर पाळीत जास्त जातंय का, की सिकलसेलसारखा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, हे डॉक्टरांना बघावं लागतं.

रेश्माचा हलला. महिन्याने ९.९, चौथ्या महिन्यात १२.२, कच्चे तांदूळ त्याआधीच सुटले होते. गोळ्या तरी अजून तीन महिने चालू ठेवल्यात, साठा भरायला. त्या दिवशी आजींनी लाडवाचा डबा टेबलावर ठेवला आणि स्वतःचं बोट पुढे केलं, "माझं बी टोचा."

त्यांचं निघालं ९.४.