कादंबरीतल्या रेसच्या घोड्याला जॉकीच्या स्वप्नाशी जुळणारं नाव कसं द्यावं?

प्रश्न: माझी नायिका पुण्यात जॉकी व्हायची धडपड करतेय. तिच्या स्वप्नाला शोभेल असं घोड्याचं नाव कसं ठरवू?

उत्तर: आधी एक गोष्ट पक्की करा: रेसच्या घोड्याचं नाव जॉकी ठेवत नाही, मालक ठेवतो. त्यामुळे 'स्वप्नांचा राजकुमार' असं नाव तिच्या मनातलं उघड उघड सांगतं, पण खरं वाटत नाही. शिवाय ते नियमातही बसत नाही. नाव रोमन लिपीत, मधल्या जागेसकट १८ अक्षरांत बसावं लागतं. हे १९ भरतं.

खरी गंमत आईबापाच्या नावांत आहे. बरेच मालक त्यातूनच शिंगराचं नाव काढतात. समजा, आई 'पहाट' आणि बाप 'लाँग रोड'. मालकाने सहज जोडलं, 'उजेडवाट'. त्याच्यासाठी तो नुसता शब्दखेळ. तुमची नायिका मात्र मोतद्दाराची मुलगी; पुणे रेसकोर्सवर उजाडायच्या आत घोडे सरावाला निघतात, तेव्हा लगाम धरून तीही असते. तिला ते नाव आपल्यासाठीच ठेवल्यासारखं वाटेल. हे तिच्या तोंडून वदवू नका, वाचकाला आपोआप कळू द्या.

तबेल्यात हाक मारायला वेगळं, लाडाचं नाव असू दे. 'उजू' म्हटलं की घोडी कान टवकारते, एवढं पुरे.

शेवटी नाव मोठ्याने ओरडून बघा. शेवटच्या दोनशे मीटरला कॉमेंटेटरची जीभ अडखळेल असं वाटलं, तर बदला.