अरुंद रकान्यात मराठी शब्दांमधील मोकळ्या जागा
वर्तमानपत्राच्या रकान्यात दोन्ही कडा जुळवल्या की शब्दांमध्ये मोठ्या फटी का पडतात?

मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडले जात असल्याने शब्द लांबतात आणि अरुंद ओळीत दोन-तीनच शब्द मावतात. सुमारे सोळा अक्षरांच्या रकान्यात ‘शहरातील नागरिकांनी’ यांच्यानंतर ‘महानगरपालिकेच्या’ मावत नाही. तो शब्द खाली गेला की उरलेली सगळी जागा एकाच फटीत जमा होते. ‘महानगर-’ असा संयोगचिन्हाने तोडल्यास ओळ भरते. तोड शक्यतो समासाच्या सांध्यावर असावी, जोडाक्षराच्या मध्ये कधीही नसावी आणि ‘च्या’ एकटा पुढच्या ओळीत जाऊ नये. त्यासाठी साधे चिन्ह न टाकता, गरज पडली तरच दिसणारे युनिकोडमधील U+00AD हे संयोगचिन्ह वापरावे, अन्यथा मजकूर सरकल्यावर साधे चिन्ह ओळीच्या मधोमध उरते. तरीही फटी राहिल्यास, माझ्या मते, उजवी कड मोकळी सोडलेली बरी.