व्याज ठरलेलं असतं, म्हणून किंमत हलते

प्रश्न: बाँड म्हणजे नक्की काय? आणि व्याजदर वाढले की त्याची किंमत का पडते? व्याज तर ठरलेलंच मिळतं ना?

व्याज ठरलेलं असतं, म्हणूनच किंमत पडते.

बाँड म्हणजे कर्जाचा करार. सरकार किंवा कंपनी तुमच्याकडून पैसे घेते आणि तीन गोष्टी लिहून देते: मुद्दल किती परत देणार (दर्शनी किंमत), दरवर्षी व्याज किती देणार (कूपन) आणि मुद्दल कधी फेडणार (मुदत). बदलत्या व्याजाचे बाँडही असतात, पण ते इथे बाजूला ठेवू. नेहमीच्या बाँडमध्ये या तिन्ही गोष्टी शेवटपर्यंत बदलत नाहीत. मात्र मुदत संपायच्या आत तो बाजारात विकता येतो, आणि त्या विक्रीची किंमत कुणीही लिहून दिलेली नसते.

समजा, तुमच्याकडे १,००० रुपये दर्शनी किमतीचा, ७ टक्के कूपनचा बाँड आहे आणि मुदतीचं एकच वर्ष उरलंय. म्हणजे वर्षाने हातात १,०७० येणार. आता बाजारातला दर ८ टक्के झाला. तितकेच भरवशाचे नवे बाँड १,००० रुपयांवर १,०८० देऊ लागले. तुमच्या बाँडला कुणी १,००० का देईल? तो घेणाऱ्यालाही ८ टक्के सुटले पाहिजेत, म्हणून तो १,०७० ला १.०८ ने भागतो आणि ९९०.७४ रुपये देऊ करतो. कूपन वाढवता येत नाही, त्यामुळे नव्या दराशी जुळवून घ्यायला किंमत हा एकच मार्ग उरतो.

हाच बाँड दहा वर्षांचा असेल तर दरवर्षी १० रुपये कमी मिळण्याचा तोटा दहा वेळा होतो. इथे बरेच जण ७० ला ८ टक्क्यांनी भागून ८७५ ही किंमत काढतात. ते चुकीचं आहे, कारण मुद्दल कधीच परत न करणाऱ्या बाँडलाच तो हिशेब लागू पडतो. आपल्या बाँडचे १,००० रुपये दहाव्या वर्षी येणार आहेत, ते धरायलाच हवेत. म्हणून प्रत्येक वर्षाची रक्कम वेगळी आजच्या किमतीत आणायची: पहिल्या वर्षाचे ७० भागिले १.०८, दुसऱ्या वर्षाचे ७० भागिले १.०८ चा वर्ग, असं करत शेवटी १,०७० भागिले १.०८ चा दहावा घात. बेरीज ९३२.९० येते. दर ८ ऐवजी ६ टक्क्यांवर आला असता, तर याच रीतीने किंमत १,०७३.६० झाली असती. तीस वर्षांचा बाँड ८ टक्क्यांना ८८७.४२ वर येतो. मुदत जितकी लांब, तितका फटका मोठा.

‘मी मुदतीपर्यंत ठेवला तर तोटा कुठे झाला?’ हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. बाँड काढणाऱ्याने पैसे बुडवले नाहीत, तर तुम्हाला पूर्ण १,००० मिळतील हे खरं आहे. किंमत हळूहळू वर सरकते: दर ८ टक्केच राहिला तर वर्षभराने ९३२.९० चा बाँड ९३७.५३ होतो. पण तोटा नाही असं मी म्हणणार नाही. इतरांना ८ टक्के मिळत असताना तुम्ही ७ वर बसून राहता. तो तोटा एकदम न दिसता दहा वर्षांत विखुरलेला असतो.

खरी अडचण येते ती मधेच पैसे लागले तर. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं हेच झालं. तिने दर कमी असताना लांब मुदतीचे रोखे भरपूर घेतले होते, त्यात अमेरिकी सरकारची हमी असलेलेही होते. २०२२ पासून दर झपाट्याने वाढले, ठेवीदार पैसे काढू लागले आणि बँकेला सुमारे २,१०० कोटी डॉलरचे रोखे विकून करोत्तर सुमारे १८० कोटी डॉलरचा तोटा जाहीर करावा लागला. ठेवीदार आणखी घाबरले आणि दोनच दिवसांत बँक बंद झाली. ते रोखे बुडीत नव्हते, फक्त चुकीच्या वेळी विकावे लागले.

म्हणून बाँड किंवा बाँड फंड घेताना मी आधी ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडा बघतो. दर १ टक्क्याने वाढला तर किंमत अंदाजे किती टक्के पडेल, हे तो सांगतो. आपल्या दहा वर्षांच्या बाँडचा तो ७.०२ आहे, प्रत्यक्ष घट ६.७१ टक्के झाली. अंदाजासाठी एवढी अचूकता पुरते. फंडाच्या माहितीपत्रकात हा आकडा दिलेला असतो. दोन वर्षांत लागणारे पैसे ड्युरेशन ७ असलेल्या फंडात ठेवू नका. आणि दर म्हणजे फक्त मध्यवर्ती बँकेचा दर समजू नका. किंमत ठरते ती तेवढ्याच मुदतीच्या बाँडवर बाजार आज किती परतावा मागतोय त्यावरून. त्यामुळे दरवाढीची घोषणा व्हायच्या आधीच, नुसत्या अपेक्षेनेही ती पडलेली दिसते.